पट्टीखालचं अक्षर

फिजिओथेरपी कॉलेजच्या पहिल्या वर्षात त्याला सगळे ‘छापखाना’ म्हणत, कारण त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. छापल्यासारखं म्हणजे अगदी तसंच. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांनी एकदा त्याच्या वहीचं पान उजेडाकडे धरून, पाठीमागून बोट फिरवून, खरोखर पेनाने लिहिलंय का याची खात्री करून घेतली होती. त्या दिवसापासून छापखान्याच्या नोट्सची मूळ प्रत काकांच्या दुकानात, काउंटरखालच्या वेगळ्या खणात राहायची. अख्खी बॅच तिथून कॉप्या काढायची. छापखाना दुकानात शिरला की काका हातातलं काम ठेवून म्हणायचे, “या साहेब.” माणसाला आयुष्यात याहून जास्त काय लागतं? छापखान्याला तरी लागत नव्हतं.

मग बबडीला टॅब मिळाला.

बबडी म्हणजे त्याची आतेबहीण, आणि त्याच्याच वर्गातली. आत्याचं गाव लांब, म्हणून ती कॉलेजपुरती मामाकडे, म्हणजे छापखान्याच्याच घरी राहायला आलेली. वयाने त्याच्यापेक्षा जराशी लहान, एवढीशीच की त्याला ‘दादा’ म्हणायला तिला जड जायचं आणि ‘अरे’ म्हटलं की मामी रागवायची. तिने मधला मार्ग काढला होता. ती त्याला ‘दाद्या’ म्हणायची.

बबडीच्या अक्षराबद्दल कोणी वाईट बोलत नसे, कारण ते अक्षर आहे हेच लोकांच्या लक्षात यायचं नाही. शाळेत असताना तिने काढलेलं हृदय बाईंनी बटाटा समजून जीवशास्त्राच्या वहीतून वनस्पतिशास्त्राच्या वहीत चिकटवायला सांगितलं होतं. अशा मुलीला तिच्या बाबांनी टॅब घेऊन दिला, सोबत पेन दिलं, काचेवर खरखरीत फिल्म लावून दिली, आणि आठवड्याभरात छापखान्याचा छापखाना बंद पडला.

काय व्हायचं की ॲनाटॉमीच्या मॅडम तास झाला की स्लाइड्स ग्रुपवर टाकायच्या. छापखाना त्या बघून घरी जाऊन वहीत आकृती काढायचा, नावं लिहायचा, रंग भरायचा, दुसऱ्या दिवशी काकांकडे द्यायचा. बबडी मात्र तास चालू असतानाच स्लाइड्स टॅबवरच्या नोट्सच्या ॲपमध्ये उघडायची आणि मॅडम जे बोलतील ते स्लाइडवरच लिहायची. इथे गोल, तिथे बाण, हा स्नायू लाल, ती नस पिवळी. जागा कमी पडली तर लिहिलेल्याला नुसता पेनाने वेढा घालायचा आणि उचलून बाजूला नेऊन ठेवायचं, भांडी सरकवावीत तसं. तास संपून लोक बाकावरून उठायच्या आत पीडीएफ ग्रुपवर.

“पण अक्षर?” छापखान्याने शेजारच्या पेंगुळ्याला विचारलं. पेंगुळ्या हा त्याचा मित्र. तो तासाला झोपायचा आणि झोपेतून उठून थेट मुद्द्याचं बोलायचा.

“वाचता येतंय की.”

“वाचता येणं म्हणजे अक्षर नव्हे.”

“मग काय असतं अक्षर म्हणजे?” पेंगुळ्याने जांभई दिली. “आणि बघ, आकृत्या कसल्या सरळ काढते. पट्टीने काढल्यासारख्या.”

इथे छापखान्याच्या पोटात पहिल्यांदा दुखलं. कारण त्या आकृत्या खरंच सरळ होत्या. ज्या मुलीची रेघ आयुष्यात कधी ठरलेल्या ठिकाणी पोचली नव्हती, तिच्या रेघा आता सैनिकांसारख्या उभ्या होत्या. त्याने घरी आल्या आल्या चौकशी केली.

“अगं, एवढी सरळ कशी काढतेस?”

“मी कुठे काढते? मी वाकडीच काढते.” बबडीने दाखवलं. नेहमीसारखी सरपटत एक रेघ काढली आणि शेवटी पेन काचेवरून न उचलता क्षणभर तसंच टेकवून ठेवलं. रेघ टुणकन सरळ झाली. “बघ. टेकवून ठेवलं की ॲप समजून घेतं, की हिला सरळ म्हणायचं होतं. गोलाचंही तसंच.” तिने एक बटाटा काढला, पेन टेकवून ठेवलं, बटाट्याचा चंद्र झाला.

“ही फसवणूक आहे,” छापखाना म्हणाला.

“कोणाची?”

फसवणूक तर होत होती, फक्त फसलेला माणूस सापडत नव्हता. बहुतेक तो स्वतःच होता. पाचवीपासून दुहेरी रेघांच्या वहीत घासलेली बोटं, मधल्या बोटाला पडलेला घट्टा, उन्हाळ्याच्या सुट्ट्या. आणि इथे पेन टेकवून ठेवायचं म्हणे.

त्या आठवड्यात तो काकांच्या दुकानात गेला तेव्हा काका म्हणाले, “या साहेब.” पण हातातलं काम चालूच ठेवून म्हणाले. कोणाच्या तरी मोबाइलवरून बबडीची पीडीएफ छापत होते. छापखान्याने काउंटरखालच्या खणात डोकावलं. त्याच्या वहीवर काकांनी स्टेपलरचा डबा ठेवला होता.

मग त्यानेही टॅब मिळवला. बाबांच्या ऑफिसातून निकालात काढलेला एक जुना टॅब होता, त्याला स्वस्तातलं पेन जोडलं. पेन कसलं, टोकाला रबराचा गोळा लावलेली काडी. त्याने मोठ्या थाटात पहिली स्लाइड उघडली आणि आपलं जगप्रसिद्ध अक्षर काढायला घेतलं. तर या टॅबला पेन कुठलं आणि तळहात कुठला हे कळत नव्हतं. हात टेकला की हाताखालीही रेघा उमटायच्या. हात उचलून अधांतरी लिहिलं तर काच घसरडी, अक्षर पेनाच्या आधीच पुढे निघून जायचं. दाबून लिहा की हलकं लिहा, रेघ एकाच जाडीची. शेवटी पानावर जे उमटलं ते त्याने लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. ते बबडीचं अक्षर होतं.

आई मागून येऊन म्हणाली, “अरे वा, बबडीने तुझ्या टॅबवर लिहून दिलं का?”

तो जेवला नाही.

“दाद्या, माझ्या टॅबवर लिही ना,” बबडी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं, हे जास्त लागलं. “मी दुपारी जिमला जाते तेव्हा टॅब पडूनच असतो. पासवर्ड माझी जन्मतारीख.”

नको नको म्हणत तो तिच्या टॅबला हात लावू लागला, आणि तिथे त्याची पुरती वाट लागली. कारण त्या टॅबवर त्याचं अक्षर यायचं. फिल्म खरखरीत, म्हणून पेन कागदावर धरावं तसं धरत होतं. तळहात टेकला तरी टॅब त्याकडे दुर्लक्ष करायचा. दाबलं की रेघ जाड, सोडलं की बारीक, आणि वळण घेताना शेवट निमुळता होत जायचा. त्याच्या वहीतलं अक्षर तिथे होतं, उलट जरा बरंच. जणू जन्मभर ज्या मुलीशी लग्न करायचं होतं ती सापडली, आणि ती शेजारच्याची बायको निघाली. रोज दुपारी तो थोडं लिहायचा, बघायचा, आणि बबडी यायच्या आत सगळं पुसून टाकायचा.

अशात मॅडमनी एक दिवस तास संपता संपता सांगितलं, “पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी मी ॲनाटॉमीची एक सरावपुस्तिका काढतेय. कॉलेज छापणार आहे. आकृत्या मला विद्यार्थ्याच्याच हव्यात, मुलांना मुलांचं समजतं. ब्रॅकियल प्लेक्ससवर चाचणी आहे ना, तेव्हा सगळ्यांच्या नोट्स बघेन आणि एकाला निवडेन. पहिल्या पानावर त्याचं नाव येईल.”

ब्रॅकियल प्लेक्सस म्हणजे मानेतून निघून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं. मानेत पाच मुळं, त्यांची जुळून तीन खोडं, प्रत्येक खोडाचे पुढचा आणि मागचा असे दोन फाटे, फाट्यांच्या पुन्हा जुळून तीन दोऱ्या, आणि दोऱ्यांमधून हाताच्या नसा. रेल्वे यार्डाचा नकाशा कोणी तरी रडत रडत काढावा तसं ते दिसतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते स्वप्नात येतं. छापखान्यालाही त्या रात्री आलं, पण त्याच्या स्वप्नात त्या जाळ्याखाली त्याचं नाव छापलेलं होतं.

वर्ग एका सुरात म्हणाला, “बबडीच!” त्यात पेंगुळ्याचाही आवाज होता, आणि तो तर झोपलेला होता.

त्या रविवारी दुपारी बबडीने डोक्याला तेल लावलं, टॅब जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला लावला आणि ती न्हायला गेली. न्हाणं हा तिचा मोठा कार्यक्रम असायचा, त्यात गाणी असायची. जाताना ओरडून गेली, “मामी, मी बाहेर आले की ग्रुपवर फाइल टाकायचीये, आठवण कर गं!”

छापखाना टेबलाशी बसून पुस्तक वाचत होता. म्हणजे पुस्तक उघडं होतं. त्याने टॅब ओढला आणि जन्मतारीख टाकली.

फाइल झकास होती, हेच तर दुःख. मॅडमच्या स्लाइडवरचं जाळं, त्यावर बबडीचे रंग, टुणकन सरळ झालेले बाण, बाणांच्या टोकाला नावं. काही स्लाइडवरची छापील, काही बबडीच्या कोंबडीच्या पायांची. पुसून टाकावं असं त्याच्या मनात आलं. पण पुसलेलं कळतं. पान रिकामं दिसलं की आधी शंका घरातल्याच माणसावर येते.

मग त्याला ॲपमधली पट्टी दिसली. पाठांतरासाठी दिलेली सोय होती ती. पेन ओढलं की चिकटपट्टीसारखी पट्टी उमटते आणि खालचं झाकलं जातं. मनात उत्तर म्हणायचं, पट्टीला टिचकी मारायची, पट्टी पारदर्शक होते आणि खालचं दिसतं. पट्टीचा रंग निवडता येतो. लोक गुलाबी घेतात, ठिपक्यांची घेतात. छापखान्याने पांढरी घेतली. स्लाइडची पार्श्वभूमीही पांढरीच होती.

एकेक नाव नाहीसं होऊ लागलं. खोडांची गेली, दोऱ्यांची गेली, नसांची गेली. बाण तसेच राहिले, टोकं रोखून, कशाकडे तरी आत्मविश्वासाने बोट दाखवत, आणि तिथे काहीच नाही. न्हाणीघरात बबडीने वरचा सूर लावला. छापखान्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. ॲपमध्ये टिचकीने पट्टी उघडते, पण पीडीएफ करून पाठवली की पट्टी पानावर कायमची बसते, हे त्याला पक्कं माहीत होतं. बबडीच्या फाइलला ग्रुपवर शिव्या पडणार होत्या. चाचणीच्या आधी त्याची वही काकांच्या खणातून बाहेर येणार होती.

आणि टॅब बंद करता करता त्याला दिसलं की जाळ्यात एक रेघच नाहीये.

तिन्ही खोडांचे मागचे फाटे एकत्र येऊन मागची दोरी होते. तिन्ही खोडांचे. इथे वरच्याचा फाटा होता, मधल्याचा होता, आणि खालच्या खोडातून मागे काहीच जात नव्हतं. बबडीने त्यावर हिरवा रंग दिला होता, गोल केला होता, बाजूला चांदणी काढली होती, आणि तिला दिसलं नव्हतं!

आनंदाने त्याला उचकी लागली. चूक! छान, ठसठशीत चूक! राहू दे. पट्ट्या काय, चेष्टा म्हणून खपतील, पण ही चूक मॅडम बघतील. स्लाइड मुळात कोणाची होती, हे आनंदात तो विसरलाच. तो टॅब बंद करायला गेला. बंद केला. पुन्हा उघडला. ते खालचं खोड तिथे अर्धवट लटकत होतं. ज्याने पाचवीपासून दुहेरी रेघा घासल्या आहेत त्या माणसाला भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय लघवीलासुद्धा जाता येत नाही. त्याचा हात पेनाकडे गेला. तो हाताला म्हणाला, गाढवा, थांब. हाताने ऐकलं नाही. खालच्या खोडापासून एक रेघ निघाली, मधल्या रेघेखालून गेली, सुरेख वळण घेऊन मागच्या दोरीत जाऊन मिसळली, मुळाशी जाड, टोकाला निमुळती. त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम रेघ असावी ती.

न्हाणीघराची कडी वाजली. त्याने टॅब जागेवर ठेवला.

बबडी डोक्याला टॉवेल गुंडाळून आली, आणि टॅब चार्जिंगलाच राहू दे म्हणत तिने मोबाइल उचलला. तिच्या मोबाइलवरही तेच ॲप होतं, टॅबवर केलेला बदल तिथे आपोआप यायचा. तिने फाइल उघडलीही नाही. यादीतूनच नाव दाबून धरलं, पीडीएफ केली, ग्रुपवर सोडली आणि केस पुसायला लागली.

छापखाना आपल्या खोलीत जाऊन ग्रुपकडे डोळे लावून बसला.

पहिला मेसेज आला: “नावं कुठेत??” मग आणखी कोणीतरी: “माझ्याच मोबाइलवर दिसत नाहीयेत का?” छापखान्याने उशी छातीशी धरली. मग पेंगुळ्याचा मेसेज आला: “अरे रिकाम्या जागा भरा आहे!! चाचणीसारखं!! बबडी ग्रेट!!”

त्यानंतर जे झालं ते बघवत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर लोकांनी भरलेल्या आकृत्यांचे फोटो पडू लागले. कोण किती बरोबर, यावर पैजा लागल्या. पट्टीखालचं छापील नाव बोट दाबून धरलं की निवडता येतं, असा शोध एकाने लावला, तर त्याला सगळ्यांनी मिळून चीटर ठरवलं. दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानाबाहेर रांग होती. काका कोऱ्या नावांच्या कॉप्यांवर कॉप्या काढत होते. छापखान्याला बघून म्हणाले, “साहेब, तुमची बहीण काय डोक्याची आहे हो! एकच माणूस तीच कॉपी पाच-पाच वेळा नेतोय. तुमच्या नोट्स लोक एकदाच न्यायचे.”

“ती पट्टी...” छापखाना म्हणाला.

“हां?”

“काही नाही.”

त्याची तऱ्हाच विचित्र झाली होती. केलेलं पाप बबडीच्या नावावर पुण्य म्हणून जमा होत होतं. चोरी करावी आणि घरमालकाचा सत्कार व्हावा, तसं. आपलं आहे म्हणावं तर कशासाठी केलं तेही सांगावं लागणार. घरीही सुटका नव्हती. आई पोळीवर तूप वाढता वाढता म्हणाली, “बबडे, तू काहीतरी युक्ती काढलीस म्हणे? शेजारची पोरगीही सांगत होती.”

“हं,” बबडी म्हणाली. आणि तिने छापखान्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्याने वाटीत तोंड घातलं.

चाचणी झाली. कोऱ्या कागदावर जाळं काढायचं आणि नावं द्यायची होती. अख्ख्या वर्गाने धडाधड काढलं. पेंगुळ्याने काढलं आणि उरलेल्या वेळात झोपला.

निकालाला उशीर झाला. का, ते मागून कळलं. मॅडम पेपर तपासायला बसल्या, तर प्रत्येकाने खालच्या खोडातून मागच्या दोरीकडे एक रेघ काढलेली. त्यांच्या स्लाइडवर ती नव्हती. सगळ्यांनी एकमेकांचं बघून काढलं असणार म्हणून त्यांनी आधी सगळ्यांचे गुण कापले. मग त्यांना कसंसंच झालं, म्हणून त्यांनी जाडं पुस्तक उघडलं. मग सगळ्यांना गुण परत दिले. मग स्वतःच्या स्लाइडकडे बराच वेळ बघत बसल्या. ती स्लाइड त्या नोकरीला लागल्यापासून दाखवत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तास सुरू केला तो बबडीची फाइल प्रोजेक्टरवर लावूनच. भिंतीवर जाळं पसरलं, भिंतीएवढं. आणि मधोमध ती रेघ. एवढी मोठी झाली तरी कुठे थरथर नाही. छापखान्याला आपल्या रेघेकडे बघून भरून आलं.

“ही स्लाइड माझी,” मॅडम म्हणाल्या, “आणि यात ही रेघ राहून गेली होती. इतक्या बॅचेस शिकून गेल्या, नोकरीला लागल्या, कोणी बोललं नाही. बबडी, शाबास. पुस्तिकेचं मला वाटतं आता...”

“मॅडम, ही रेघ माझी नाही,” बबडी उभी राहून म्हणाली.

“म्हणजे? फाइल तुझी आहे ना?”

“फाइल माझी आहे. पण मी रेघ काढली की पेन टेकवून ठेवते, ॲप ती सरळ करतं. माझी एकूण एक रेघ सरळ असते, बघा तुम्ही. मला येतच नाही दुसरी. ही बघा कशी वळलीये. आणि सुरुवातीला जाड, शेवटी बारीक. ही कोणी तरी हाताने काढलीये, ज्याला...”

ती वाक्य पुरं करत होती. ती स्वतःहून नाकारत होती, श्रेय ताटातून काढून ठेवत होती. तोंड मिटून बसलं असतं तरी चाललं असतं. पण ‘कोणी तरी’ हा शब्द छापखान्याला सहन झाला नाही. कोणी तरी!

“माझी!” तो ओरडला.

वर्ग वळला. पेंगुळ्या जागा झाला.

“तुझी?” मॅडमचा चेहरा उजळला. “तिच्या फाइलमध्ये तू काढलीस?” मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, बाणांच्या टोकांकडे पाहिलं. “मग या पांढऱ्या पट्ट्या?”

छापखान्याच्या कानातून वाफा निघाल्या. रेघ आपली म्हटली की पट्ट्याही आपल्याच होतात, हे त्याला ओरडून झाल्यावर सुचलं होतं.

“त्याच्याच, मॅडम,” बबडी शांतपणे म्हणाली. “मी न्हायला गेले होते.”

“अरे वा!” मॅडम म्हणाल्या. “बहीण-भाऊ मिळून करता तर!”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. पेंगुळ्याने सर्वांत जोरात. छापखाना टाळ्यांमध्ये मान खाली घालून उभा राहिला. लोकांना तो विनय वाटला.

तास संपल्यावर मॅडमनी दोघांना टेबलाशी बोलावलं. “आकृत्या याच्याच घेऊ या,” त्या म्हणाल्या. “हात फार सुरेख आहे. पहिल्या पानावर नाव तुझं.” छापखान्याच्या पोटातलं दुखणं एका झटक्यात थांबलं. “आणि बबडी, फाइल तुझी होती, तुलाही काहीतरी काम हवं. काय करशील?”

बबडीने विचार केला. म्हणजे विचार करत असल्यासारखं केलं.

“मी पट्ट्या लावीन, मॅडम.”

“म्हणजे?”

“सरावपुस्तिका आहे ना? मग नावं झाकलेलीच हवीत. दाद्या आकृती काढेल, प्रत्येक नाव त्याच्या अक्षरात लिहील. छान, सावकाश. मग मी त्यावर पांढरी पट्टी लावीन. तशीच छापायची.”

“उत्तम! आणि उत्तरं?”

“मागे यादी. टाइप केलेली.”

“पण मॅडम,” छापखाना म्हणाला, “झाकायचंच असेल तर मी लिहिलंच कशाला...”

“लिहायला हवं,” बबडी म्हणाली. “नाहीतर पट्टी किती लांब लावायची ते मला कसं कळणार? किती लांबीचं नाव आहे ते मुलांनाही कळायला हवं. अंदाज यायला.”

मॅडमना हे फारच पटलं.

जिन्यावरून उतरताना छापखाना दबक्या आवाजात म्हणाला, “बबडे, तुला कधी कळलं?”

“रविवारीच. केस वाळवताना.”

“मग बोलली का नाहीस?”

“लोक चांगलं म्हणत होते की. कोणाला नको असतं?” ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. “आणि तुझी ती रेघ बघितली. मी माझ्या वहीत ती काढून बघत होते, दाद्या, पेन न टेकवता. पानं भरली. गांडुळं आली नुसती.” तिने हे इतकं चिडून सांगितलं, की छापखान्याला एकदम कळलं. घरात पोटात दुखणारं माणूस तो एकटाच नव्हता. त्याला फार बरं वाटलं. फार काळ मात्र टिकलं नाही.

शनिवारी दुपारी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले. मध्ये बबडीचा टॅब. छापखान्याने जाळं काढलं, पाचही मुळं, तिन्ही खोडं, सगळे फाटे, एकही न विसरता. मग नावं लिहायला घेतली. श्वास रोखून, पेन दाबत, सोडत. ‘मस्क्युलोक्युटेनियस’ हे नाव त्याने इतकं देखणं लिहिलं की त्या नसेलाही आपण अशा आहोत हे माहीत नसेल. तो मागे सरकून बघत होता, तोच समोरून बबडीचा हात आला, सर्रकन पट्टी ओढली गेली. पांढरं.

“जरा बघू तरी दे.”

“बघ.” तिने टिचकी मारली, नाव दिसलं. पुन्हा टिचकी मारली, गेलं. “झालं बघून. पुढचं लिही.”

“पुस्तिकेत टिचकी मारता येईल का?”

“कागदावर टिचकी मारून बघ हवं तर.”

आई पाणी ठेवून गेली. जाताना म्हणाली, “कशी गुण्यागोविंदाने बसलीत लेकरं. असंच राहा.”

छापखान्याने ‘रेडियल’ लिहिलं, ते गेलं. ‘अल्नर’ लिहिलं, गेलं. पट्टीही तिची अगदी सरळ जात होती. पट्टी सरळच जाते, त्यात तिचं काय कौतुक, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि तरीही तिच्या मनगटाकडे बघत राहिला. पुढचं नाव ‘ॲक्झिलरी’. इंग्रजीत त्याच्या शेवटी वाय येतो. छापखान्याने तो वाय काढला आणि त्याची शेपटी खाली सोडली. आणखी खाली सोडली. ऐटीत वळवली, टोकाला निमुळती केली. कितीही झाकलं तरी पट्टीखालून एवढीशी शेपटी पुढच्या वर्षीच्या मुलांना दिसणारच. कोणी तरी विचारेलच, की ही शेपटी कोणाची.

बबडीने पट्टी ओढली. शेपटी खाली लोंबत राहिली. तिने शेपटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

मग तिने पट्टी मागे घेतली, कोपऱ्यातली पट्टीची जाडी उघडली, बोटाने सरकवत ती शेवटपर्यंत वाढवली, आणि पुन्हा ओढली.